औषधाच्या बाटलीवरचं लेबल नीट कसं वाचायचं: चकाकी, घड्या आणि स्टिकरखाली गेलेली अक्षरं

मागच्या जुलैत रात्री साडेअकराला माझ्या मुलीला ताप चढला. ती तेव्हा तीन वर्षांची होती, वजन १२ किलो. तिच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर स्पष्ट लिहून दिलं होतं: ५ मिलीत १२० मिलिग्रॅमवालं पॅरासिटामॉल, एका वेळी ५ मिली. आमची बाटली संपली होती. कपाटात दुसरी एक होती, ताई डोंबिवलीहून आली तेव्हा विसरून गेलेली. मोरीजवळच्या फळीवर राहून तिचं लेबल ओलावलं होतं, सुरकुतलं होतं आणि वर केमिस्टचा पिवळा स्टिकर होता. आमच्या परळच्या खोलीत एकच ट्यूबलाइट. तिच्या उजेडात मला इतकंच दिसलं: पॅरासिटामॉल, मग एक घडी, आणि घडीच्या पलीकडे ‘५० मिग्रॅ’.

त्या रात्री मी सगळ्या चुका केल्या. फ्लॅश मारून फोटो काढले, ओल्या फडक्याने लेबल चोळलं, नखाने स्टिकर खरवडला. नंतर हे शांतपणे करायला शिकले. आता चाळीतल्या काकू डोळ्यांच्या थेंबांपासून खोकल्याच्या सिरपपर्यंत बाटल्या घेऊन माझ्याकडे येतात. त्यांना जे सांगते तेच इथे क्रमाने लिहिते.

जवळ काय घ्याल

- फोन आणि एक छोटी टॉर्च (दुसऱ्या फोनची चालेल)
- कोरडं सुती फडकं
- वही, पेन आणि एक कोरा कागद
- बटर पेपरचा तुकडा
- काळी छत्री
- त्या औषधाचा खोका, दुकानाचं बिल आणि डॉक्टरांची चिठ्ठी, यातलं जे सापडेल ते

### १. बाटलीआधी खोका आणि बिल शोधा

बाटली गोल असते, खोका सपाट असतो. बाटलीच्या लेबलवर जे छापलेलं असतं ते खोक्यावरही असतं, आणि तिथे वाचायला काहीच अडचण नसते. आपण बाटली घरी आणतो, झाकण उघडतो आणि खोका कचऱ्यात टाकतो. तो टाकला नसेल तर आधी तोच बघा. एक मात्र तपासा: खोक्यावरचा बॅच नंबर आणि बाटलीवरचा बॅच नंबर एकच आहे ना. घरात एकाच नावाच्या दोन बाटल्या असतील तर खोके अदलाबदल होतात.

खोका नसेल तर बिल बघा. केमिस्टच्या छापील बिलावर औषधाचं नाव, बॅच नंबर आणि बहुधा मुदतीचा महिना असतो. नाव कापून छापलेलं असतं, तरी लेबलवर जे दिसत नाही त्याला ते साक्षीदार म्हणून उपयोगी पडतं. चिठ्ठीही समोर ठेवा, पण लेबल वाचून झाल्यावरच ती उघडा. आधी चिठ्ठी वाचली की डोळ्यांना लेबलवर तेच दिसायला लागतं.

### २. बाटली कोरडी करा, चोळू नका

फ्रिजमधून काढलेल्या बाटलीवर मुंबईच्या हवेत मिनिटभरात दव धरतं. प्रत्येक थेंब छोट्या भिंगासारखा वागतो आणि खालचं अक्षर फुगवून किंवा वाकवून दाखवतो. बाटली दहा मिनिटं बाहेर राहू द्या, मग फडकं नुसतं टेकवून पाणी टिपा.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे सॅनिटायझर, स्पिरिट किंवा नेलपॉलिश रिमूव्हरने पुसणं. लेबलचा मोठा मजकूर छापखान्यात छापलेला असतो, तो कदाचित टिकेल. बॅच नंबर आणि मुदत मात्र बऱ्याचदा नंतर, बाटली भरताना, वेगळ्या शाईने मारतात. ती शाई स्पिरिटने सरळ निघून जाते. चिकटपणा जाईल आणि सोबत मुदतही जाईल.

### ३. चकाकीची रेघ कुठून येते ते बघा

इथे जरा वेळ द्या, कारण निम्मं काम याच पायरीवर होतं.

बाटली हातात उभी धरून उजेडाकडे बघा. लेबलवर एक पांढरी रेघ किंवा ठिपका दिसेल आणि त्याखालची अक्षरं नाहीशी झालेली असतील. आता मान, फोन, दिवा काहीही न हलवता बाटली फक्त स्वतःभोवती फिरवा, बरणीचं झाकण फिरवतो तशी. रेघ जागच्या जागी राहते आणि अक्षरं तिच्याखालून सरकत पुढे जातात. मघाशी जे अक्षर बुडालं होतं ते आता रेघेच्या बाहेर येतं.

असं होतं कारण चकाकी लेबलला चिकटलेली नसते. दिवा कुठे, डोळा कुठे आणि काचेचा गोलवा कसा, एवढ्यावरच तिची जागा ठरते. गोल बाटली स्वतःभोवती कितीही फिरवली तरी गोलवा तसाच राहतो, म्हणून रेघही तशीच राहते. बहुतेक जण नेमकं उलटं करतात. बाटली धरून ठेवतात आणि स्वतः वाकून, फोन वरखाली करून बघतात. मग रेघ, अक्षरं, सावली सगळंच एकदम हलतं आणि काय कुठे होतं ते कळत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे ट्यूबलाइटची दिशा. ट्यूब लांब असते. बाटली तिच्या लांबीला समांतर आडवी ठेवलीत तर चकाकी बाटलीच्या गळ्यापासून बुडापर्यंत पसरते आणि प्रत्येक ओळीतली एक-दोन अक्षरं खाते. तीच बाटली ट्यूबशी काटकोनात धरा. रेघ आखडून छोटा ठिपका उरतो. भिंतीवर आडव्या बसवलेल्या ट्यूबसमोर बाटली नुसती उभी धरली तरी हे आपोआप साधतं. टेबलावर आडवी ठेवून वाचायची सवय असेल तर एकदा तिला पाव वळण देऊन बघा.

दिवसा वाचत असाल तर खिडकी तुमच्या डावीकडे किंवा उजवीकडे असू द्या, पाठीमागे नको. उजेड अगदी बाजूने आला की चकाकी बाटलीच्या कडेकडे सरकते, आणि कडेची अक्षरं तशीही वाचता येत नाहीत. पावसाळ्यातली ढगाळ दुपार या कामाला उत्तम. आमच्या गॅलरीत अशा वेळी उजेड सगळीकडून सारखा येतो आणि रेघ जवळजवळ दिसतच नाही.

रात्री इलाज दोन. एक, टॉर्चसमोर बटर पेपर धरा. चकाकी रुंद होते, पण इतकी फिकी पडते की तिच्याखालची अक्षरं वाचता येतात. दुसरा, काळी छत्री उघडून ट्यूब आणि बाटली यांच्या मध्ये धरा आणि टॉर्च बाजूने लावा. लेबलच्या चकचकीत भागात मग ट्यूबच्या जागी छत्रीचा काळा कपडा दिसतो आणि त्यावर अक्षरं स्वच्छ उमटतात. हे एकट्याने जमत नाही, छत्री धरायला घरातलं कोणीतरी लागतं.

चंदेरी लेबल असेल तर ते आरशासारखं वागतं, त्याला वेगळी युक्ती लागते. अक्षरं काळी असतील तर बाटलीच्या समोर आणि बाजूंना पांढरे कागद उभे करा, म्हणजे चंदेरी भाग सारखा पांढरा दिसेल. अक्षरं पांढरी असतील तर कागदांऐवजी छत्री वापरा. पोलराइज्ड गॉगलची काच फोनपुढे धरून हळूहळू फिरवली की साध्या चकचकीत लेबलवर, तिरकं बघताना, चकाकी चांगली कमी होते. चंदेरी लेबलवर तिचा उपयोग होत नाही.

### ४. फोन थोडा लांब, बाटली घड्याळावर

फ्लॅश बंद करा. फ्लॅश भिंगाच्या शेजारीच असतो, म्हणून त्याची चकाकी नेमकी मधोमध येते, जिथे तुम्हाला वाचायचं असतं.

फोन अगदी जवळ नेऊ नका. जवळ गेल्यावर फोनची सावली पडते, कडा धूसर होतात आणि गोल बाटलीचा कमी भाग दिसतो. एक फूट अंतर ठेवून दुप्पट झूम करा. स्क्रीनवर अक्षरांवर बोट टेकवा, आणि उजेडाची खूण खाली ओढत लेबलचा पांढरा रंग किंचित राखाडी होईपर्यंत फोटो काळसर करा. काळसर फोटो नंतर उजळता येतो. पांढरा फटक झालेल्या भागात मात्र अक्षर उरलेलंच नसतं, तिथे नंतर काहीही करता येत नाही.

आता गोलव्याचा प्रश्न. बाटलीच्या मधोमध असलेलं अक्षर पूर्ण रुंदीचं दिसतं. तिथून ४५ अंश बाजूला गेलेलं अक्षर साधारण ७० टक्के रुंदीचं दिसतं आणि ६० अंशांवर निम्मंच. निम्म्या रुंदीच्या इंग्रजी आकड्यांत ३ आणि ८, किंवा ५ आणि ६, यांतला फरक ओळखणं अवघड होतं. म्हणून एका फोटोतला मधला भागच खरा धरा आणि कडा सोडून द्या.

कोऱ्या कागदावर घड्याळाची तबकडी काढा: १२, २, ४, ६, ८, १०. बाटली मध्यावर ठेवा आणि तिच्या बुडाजवळ काचेवर पेनाने एक ठिपका द्या. झाकणावर देऊ नका, झाकण फिरतं. ठिपका १२ वर ठेवून पहिला फोटो काढा, मग २ वर, मग ४ वर, असे सहा. फोन आणि दिवा जागचे हलवायचे नाहीत. प्रत्येक फोटोच्या उजव्या कडेचा शब्द पुढच्या फोटोत मध्याजवळ येतो, त्यावरून सांधा जुळवता येतो.

फोटोंतून वहीत उतरवताना ओळींना क्रमांक द्या. इथे एक चकवा आहे. बाटली जराशी तिरकी असली की एका फोटोतली चौथी ओळ पुढच्या फोटोतल्या पाचव्या ओळीच्या उंचीवर येते, आणि आपण नकळत खालच्या ओळीत घसरतो. ‘५ मिली’ हे शब्द लेबलवर दोन-तीन ठिकाणी असतात, त्यामुळे सांधा जुळल्यासारखाही वाटतो. वरून मोजत आला असाल तर ही चूक लगेच सापडते.

फोटो काढायचा कंटाळा असेल तर बाटली सावकाश फिरवत वीस सेकंदांचा व्हिडिओ घ्या आणि थांबवत थांबवत बघा. अक्षरं जरा कमी स्पष्ट येतात, पण चकाकीखालून सरकणारं अक्षर नेमकं कुठल्या क्षणी बाहेर येतं ते व्हिडिओत छान दिसतं.

फोन फोटोतला मजकूर आपोआप काढून देतो, ती सोय नाव शोधायला वापरा. आकड्यांसाठी तिच्यावर विसंबू नका. गोल लेबलवर ती दोन ओळी जोडून टाकते, आणि दशांशाचा बिंदू चकाकीत गेला असेल तर २.५ चे सरळ २५ करते.

### ५. घडी पडली असेल तर उजेड आडवा टाका

ओलाव्याने कागदी लेबल फुगतं आणि वाळताना त्याच्या घड्या पडतात. घडीच्या दोन उतरणी असतात, आणि समोरून आलेल्या उजेडात दोन्ही सारख्याच दिसतात. खोलीतला दिवा मंद करा. टॉर्च लेबलला जवळजवळ टेकवून डावीकडून आडवा प्रकाश टाका आणि फोटो काढा. मग तसाच उजवीकडून. पहिल्या फोटोत एक उतरण उजळते, दुसऱ्यात दुसरी. दोन्ही फोटो शेजारी ठेवले की घडीत अर्धवट दडलेल्या अक्षराचे दोन तुकडे हाती येतात.

हाच आडवा प्रकाश आणखी एका ठिकाणी कामाला येतो. काही बाटल्यांवर बॅच आणि मुदत शाईने न छापता दाबून उमटवलेली असते. समोरच्या उजेडात ती जागा कोरी दिसते. टॉर्च आडवी धरली की आकड्यांच्या सावल्या पडतात.

घडी बोटाने दाबून सपाट करायचा मोह होतो. लेबल ओलं असताना दाबलं तर कागद फाटतो आणि शाई बोटाला येते. आधी पूर्ण वाळू द्या. लेबल जिथे स्वतःवरच चढलेलं असतं, म्हणजे बाटलीच्या मागच्या सांध्यावर, तिथली सुटलेली कड जुन्या व्हिजिटिंग कार्डाने अलगद उचलून बघता येते. गोंद धरून असेल तर सोडून द्या.

### ६. वर चिकटवलेला स्टिकर

स्टिकरला हात लावण्याआधी आहे त्या स्थितीतले फोटो काढून ठेवा. लेबल बाटलीला पूर्ण वेढा घालत नसेल तर अंधारात टॉर्च मागून लावून बघा. बाटली कलती करून औषध दुसरीकडे जाऊ द्या आणि रिकाम्या भागातून प्रकाश टाका. पातळ स्टिकर असेल तर खालची छपाई सावलीसारखी दिसते. लेबल पूर्ण वेढलेलं असेल तर मागचा मजकूरही त्यात मिसळतो आणि हा उपाय फसतो.

काढायचाच झाला तर कोपरा उचलून स्टिकर त्याच्यावरच परत दुमडत, लेबलला अगदी चिकटून, खूप सावकाश ओढा. वर ओढला तर खालचा कागद सोबत येतो. सुरुवात आकड्यांपासून दूरच्या कोपऱ्याने करा. कागदाचे तंतू उठायला लागले की थांबा.

बरेचदा मी स्टिकर काढतच नाही. बाटली घेऊन केमिस्टकडे जाते आणि म्हणते, “दादा, हीच बाटली शेल्फवरची जरा दाखवा.” बॅच, तारखा आणि किंमत सोडली तर दोन्ही लेबलं सहसा सारखीच असतात. नाव शेवटच्या अक्षरापर्यंत सारखं आहे याची खात्री मात्र करून घ्यायची. ते का, ते पुढच्या पायरीत.

### ७. काय भरून काढायचं आणि काय नाही

एवढं करूनही काही अक्षरं दिसत नाहीतच. मग मन ती भरून काढायला लागतं. यातलं काही भरायला हरकत नाही, काही मात्र कधीही भरायचं नाही.

औषधाच्या लेबलवरचे बरेच शब्द ठरलेले असतात, आणि बहुतेक वेळा इंग्रजीत. ‘इच ५ एमएल कंटेन्स’ म्हणजे दर ५ मिलीत काय आहे. औषधाच्या मूळ नावापुढचं ‘आय.पी.’ म्हणजे भारतीय औषधकोशातल्या दर्जाप्रमाणे. ‘शेक वेल बिफोर यूज’ म्हणजे हलवून घ्या. पुढे लहान मुलांपासून दूर ठेवा, प्रकाशापासून जपा, किती तापमानाच्या आत ठेवा. चिठ्ठीशिवाय विकायला बंदी असलेल्या औषधांवर त्याचा इशारा असतो. ‘शेक’ आणि ‘यूज’ दिसलं आणि मधले दोन शब्द घडीत गेले तर ते खुशाल भरा. तिथे दुसरं काही असूच शकत नाही.

नाव, आकडा आणि एकक मात्र ठरलेलं नसतं. त्यासाठी मी एक कडक नियम पाळते. आकड्याच्या डावीकडे कोरी जागा दिसेपर्यंत तो आकडा अर्धाच समजायचा, आणि नावाच्या उजवीकडे कोरी जागा दिसेपर्यंत ते नाव अर्धंच समजायचं.

नावाचं आधी सांगते. एकाच ब्रँडच्या नावापुढे ‘डीएस’, ‘फोर्ट’, ‘प्लस’ अशी शेपूट लागते आणि औषधाची ताकद किंवा घटकच बदलतात. ‘डीएस’ म्हणजे सहसा दुप्पट ताकद. स्टिकर नेमका त्या शेपटावर बसला तर उरलेलं नाव पूर्ण आणि ओळखीचं दिसतं, काही झाकलं गेलंय अशी शंकाच येत नाही.

आकड्याचं उदाहरण आमच्याच बाटलीचं. मला ‘५० मिग्रॅ’ दिसत होतं आणि डावीकडे घडी होती. ताईला फोन केला, ती म्हणाली, “दीडशे असेल बघ.” नवरा म्हणाला, “पन्नासच आहे, म्हणजे हलकं औषध, दे की.” दोघांनीही घडीत काय आहे ते मनाने भरलं होतं. मुलांच्या पॅरासिटामॉल सिरपमध्ये नेहमी मिळणाऱ्या ताकदी म्हणजे ५ मिलीत १२० किंवा १२५, आणि ५ मिलीत २५०. तान्ह्या बाळांचे थेंब येतात ते दर १ मिलीत १०० मिलिग्रॅमचे. म्हणजे ५० च्या आधी घडीत २ असण्याची शक्यता मोठी होती. तसं असेल तर आमच्या चिठ्ठीतल्या ५ मिलीत १२० ऐवजी २५० मिलिग्रॅम गेलं असतं, दुपटीहून जास्त.

ट्यूबलाइट बंद करून टॉर्च डावीकडून धरली तेव्हा घडीच्या वरच्या कडेशी एक छोटा बाक दिसला, छत्रीच्या मुठीसारखा. इंग्रजी एकाला असा बाक नसतो, दोनाला असतो. उजवीकडून धरली तेव्हा खाली एक आडवी रेघ दिसली. तीही दोनाची. तरीही एवढ्यावर मी थांबले नाही, कारण आता माझ्या मनात २ बसला होता आणि मला सगळीकडे तोच दिसला असता. ताईला बिलाचा फोटो पाठवायला सांगितला. बिलावर बॅच नंबर जुळला आणि नावाच्या शेवटी २५० होतं. आता लेबल आणि बिल, दोन वेगळ्या जागा एकच गोष्ट सांगत होत्या.

आकड्याइतकंच तो कशाच्या मापात आहे हेही बघा. ‘दर ५ मिलीत’ आणि ‘दर १ मिलीत’ यांत पाचपट फरक आहे. मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅम यांत हजारपट, आणि इंग्रजी छपाईत दोघांमध्ये एका छोट्या ‘सी’चाच फरक असतो. चकाकीच्या रेघेत तेवढं एक अक्षर सहज बुडतं. म्हणून एकक वाचताना बाटली हमखास थोडी फिरवून दुसऱ्यांदा वाचा.

दोन जागा जुळत नसतील, किंवा दुसरी जागाच सापडत नसेल, तर ती बाटली वापरायची नाही. दुसरी आणायची किंवा डॉक्टरांना फोन करायचा.

### ८. मुदत आणि क्यूआर कोड

मुदतीत बहुधा महिना आणि वर्षच असतं. ०३/२०२६ छापलं असेल तर औषध त्या मार्चच्या शेवटच्या दिवसापर्यंत चालतं. उत्पादनाची तारीख आणि मुदत एकाखाली एक असतात. वरची ओळ झाकलेली असली की खालची नक्की कुठली ते कळत नाही. तेव्हा तारखेच्या डावीकडचा शब्द सापडेपर्यंत तिला मुदत समजू नका.

१ ऑगस्ट २०२३ पासून ठरावीक ३०० ब्रँडच्या औषधांवर बारकोड किंवा क्यूआर कोड सक्तीचा आहे. त्यात मूळ नाव, ब्रँडचं नाव, कंपनीचं नाव-पत्ता, बॅच, उत्पादनाची तारीख आणि मुदत असते. लेबलवर जागा नसेल तर तो खोक्यावर असतो. आपल्या बाटलीवर असेल तर स्कॅन करून बघा. कोड गोल भागावर ताणला जातो म्हणून तो बरोबर मधोमध आणा आणि चकाकी त्याच्यावरून हटवा. एकदा स्कॅन नाही झाला तर फोन मागे घेऊन झूम वाढवा.

### ९. वाचलंत ते बाटलीवर लिहा

पांढऱ्या कागदी पट्टीवर मूळ औषधाचं नाव, दर किती मिलीत किती मिलिग्रॅम, आणि मुदत, एवढं मोठ्या अक्षरांत लिहून पट्टी बाटलीच्या मोकळ्या जागी चिकटवा. छापील मजकुरावर नको. जे खात्रीने वाचता आलं नाही त्या जागी प्रश्नचिन्ह टाका, अंदाज लिहू नका. सासूबाईंना चष्म्याशिवायही वाचता येईल इतकं अक्षर मोठं असावं.

त्या रात्री नवरा बिल्डिंगखाली उतरला. परळला हॉस्पिटलांच्या आसपास रात्रभर उघडी दुकानं असतात, तिथून १२० वाली नवी बाटली आणली, या वेळी खोक्यासकट. मुलीला औषध दिलं तेव्हा बारा वाजून गेले होते. ताईच्या बाटलीवर मी मार्करने ‘२५०, मोठ्या मुलांचं’ असं लिहिलं आणि पुढच्या रविवारी ती तिच्याकडे पोचवली.